छप्पन्न किलो माल, पन्नास किलो मसाला: दहा जणींच्या गटाचा एका खेपेचा हिशोब

छप्पन्न किलो कच्चा माल घेतला आणि मसाला पन्नास किलोच भरला, तर सहा किलो गेले कुठे? बचत गटाच्या धंद्यात पहिलं भांडण बहुतेकदा याच प्रश्नावर होतं. उत्तर साधं असतं: देठात गेले, उन्हात गेले, कांडपात उडाले. पण ते त्या त्या दिवशी लिहून ठेवलेलं नसेल, तर ज्या घरात माल ठेवला होता त्या घराकडे बोट जातं. नफ्याची वाटणी त्यानंतरची गोष्ट. आधी माल कसा कमी होत गेला हे वहीत दिसलं पाहिजे, तरच पुढचा पैशांचा हिशोब कुणाला पटतो.

म्हणून इथे एकच खेप सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेतली आहे. घणसोली गावठाणातला दहा जणींचा गट, एप्रिल महिना आणि आगरी पद्धतीचा घरगुती मसाला. हा गट हिशोब उलगडून दाखवण्यासाठी मांडलेला नमुना आहे आणि भाव गोल आकड्यांत घेतले आहेत. मिरचीचा भाव आवकेप्रमाणे आठवड्याला बदलतो, तेव्हा आपल्या वहीत आपल्या बिलावरचे आकडे घालायचे. रीत मात्र तीच राहते.

एकत्र खरेदी किती किलोंपासून परवडते

नवी मुंबईतल्या गटांना एक मोठी सोय आहे. तुर्भ्याला बाजार समितीचं मसाला मार्केट आहे आणि घणसोलीहून ट्रान्स हार्बरच्या गाडीने मधलं कोपरखैरणे सोडलं की तुर्भे येतं. पण घाऊक बाजार जवळ आहे म्हणून तिथली खरेदी आपोआप स्वस्त पडत नाही. हे आधी कागदावर तपासायला हवं.

मिरची, धणे आणि खडा मसाला यांची मिळून किलोमागे सरासरी काढली. वस्तीतल्या दुकानात ती ३५० रुपये पडते आणि घाऊक बाजारात जीएसटी धरून ३०० रुपये. म्हणजे किलोमागे ५० रुपये वाचतात. मात्र टेम्पो आणि हमालीचे ७०० रुपये लागतात, आणि दोघी जणी प्रत्येकी चार तास जातात. त्यांच्या वेळेचे ताशी ६० रुपयांनी ४८० रुपये होतात. एकूण १,१८० रुपये. याला ५० ने भागलं की साधारण २४ किलो येतात. चोवीस किलोंच्या आत माल हवा असेल तर वस्तीतल्याच दुकानदाराशी दहा जणींच्या वतीने भाव ठरवलेला बरा. या गटाला ५६ किलो हवे होते, म्हणून २,८०० रुपये वाचले आणि १,१८० वजा जाता १,६२० रुपये खरे हाती राहिले.

खरेदीला जाणाऱ्यांच्या वेळेचे पैसे न धरण्याची सवय फार गटांत आहे. दर वेळी त्याच दोघी जातात, तिसऱ्या खेपेला कंटाळतात आणि मग खरेदी एकत्र होतच नाही. त्या चार तासांची किंमत पहिल्याच खेपेपासून लावा.

पैसा कुठून आला, ते आधी लिहायचं

खेपेसाठी २१,५०० रुपये लागतील असा अंदाज निघाला. आठ जणींनी प्रत्येकी १,००० रुपये दिले, दोघींना ५०० रुपयेच जमले. असे ९,००० रुपये झाले. उरलेले १२,५०० रुपये गटाच्या बचतीतून घेतले.

इथे गटाची बचत आणि गटाचा धंदा यांना दोन वेगळ्या खोल्यांसारखं वागवावं लागतं. बचतीतून धंद्याकडे गेलेला पैसा हे कर्ज आहे. एखाद्या सदस्याला जसं अंतर्गत कर्ज देतो, तसंच ते व्यवसाय खात्याला दिलं असं लिहायचं आणि व्याजही लावायचं. या गटाने दरमहा एक टक्का लावला. दोन महिन्यांचे २५० रुपये झाले. व्याज लावलं नाही तर धंद्याचा नफा फुगलेला दिसतो, आणि बचतीचा पैसा धंद्यात अडकल्यामुळे जिला त्या दोन महिन्यांत कर्ज मिळू शकलं नाही, तिचं नुकसान कुठेच नोंदलं जात नाही.

बैठकीत झालेला ठराव इतिवृत्तात साधारण असा उतरतो:

"उन्हाळी मसाल्याच्या खेपेसाठी बचत निधीतून रु. १२,५०० दरमहा एक टक्का व्याजाने व्यवसाय खात्यास कर्जाऊ द्यावेत. विक्रीच्या रोख रकमेतून प्रथम हे कर्ज व व्याज, नंतर सदस्यांचे भांडवल रु. ९,००० परत करावे. देठ खुडणीस किलोमागे रु. २४ व इतर कामास ताशी रु. ६० मजुरी द्यावी. त्यानंतर उरलेल्या रकमेतील ३० टक्के व्यवसाय निधीत ठेवून ७० टक्के दहा सदस्यांत समान वाटावे. वसूल न झालेल्या उधारीवर वाटप करू नये."

खाली दहाही जणींच्या सह्या किंवा अंगठे. हा ठराव माल आणण्याआधी व्हावा, हे महत्त्वाचं. विक्री झाल्यावर वाटणीचा नियम ठरवायला बसलं की प्रत्येकीला आपापल्या सोयीचा नियम आठवतो, आणि त्यात कुणाचा दोषही नसतो.

खरेदीचा दिवस

दोघींनी बाजारात जाताना यादीसोबत प्रत्येक मालाचा जास्तीत जास्त भावही लिहून नेला. बैठकीत ठरलेल्या त्या भावाच्या वर जायचं असेल तर फोन करून अध्यक्षताईंना विचारायचं, असं ठरलं. माल असा आला:

मिरची ४० किलो, सरासरी २५० रुपयांनी १०,००० रुपये. त्यात रंगासाठी ब्याडगी निम्मी, बाकी चवीला संकेश्वरी आणि तिखटपणाला लवंगी. धणे १० किलो, १,२०० रुपये. हळकुंड, दालचिनी, लवंग, मिरी, दगडफूल, बाद्यान, तमालपत्र असा खडा मसाला मिळून ६ किलो, ४,८०० रुपये. बेरीज १६,०००, त्यावर पाच टक्के जीएसटीचे ८००, टेम्पो आणि हमाली ७००. घरपोच किंमत १७,५०० रुपये.

जीएसटी भरलेला असला तरी गटाची स्वतःची जीएसटी नोंदणी नसेल तर तो परत मिळत नाही. म्हणून तो खर्चातच धरायचा. बिल गटाच्या नावाने घ्या. कच्च्या चिठ्ठीवर माल थोडा स्वस्त मिळतो, पण मालात खोट निघाली तर ती चिठ्ठी दाखवून काही उपयोग होत नाही, आणि बैठकीत हिशोब मांडताना पुरावाही राहत नाही.

सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते ओल्या मिरचीत. मिरचीतलं पाणी आपण मिरचीच्याच भावाने विकत घेतो. पोत्याच्या तोंडाशी असलेली मिरची नेहमीच चांगली कोरडी असते, म्हणून हात मध्यापर्यंत घालून मूठभर बाहेर काढावी. कोरडी मिरची हलवली की बिया खुळखुळतात आणि वाकवली की तडकते. ओली मिरची नुसती वाकते आणि मुठीत दाबली की गोळा होऊन राहते. हंगाम सरल्यावर शीतगृहातला माल बाजारात येतो. तो थंडीतून गरम हवेत आला की ओल धरतो, म्हणून अशा मालाला हीच परीक्षा अधिक कडक लावा. मिरची मधून फोडून आतही बघायची, कारण बुरशी बाहेरून दिसत नाही, आत पांढरट-करडी असते. रंग फारच चकचकीत वाटला तर ओल्या पांढऱ्या फडक्यावर मिरची घासून बघावी.

बारदानाचं वजन हा दुसरा खड्डा. पोतं भरलेलं तोललं तर रिकामं बारदानही वेगळं तोलून वजा करायला सांगा. आणि घरी आल्यावर, पोतं उघडण्याआधी, गटाच्या काट्यावर पुन्हा वजन करा. बिलावर ४० आणि घरी ३९.२ भरलं तर त्याच संध्याकाळी व्यापाऱ्याला फोन करता येतो. चार दिवसांनी फोन केला तर तो म्हणणार, "ताई, सुकली असेल." आणि त्याला उत्तर देता येणार नाही.

पैसे देण्याबद्दल एक सावधगिरी. दोन सह्यांनी चालणाऱ्या गटाच्या खात्यावर सहसा यूपीआय नसतं. मग एखादी ताई स्वतःच्या फोनवरून पैसे देते आणि नंतर गटाकडून घेते. अडचणीला हे चालतं, पण त्या दिवशीच्या रोजकीर्दीत "अमुक सदस्याकडून व्यवसाय खात्यास हातउसने" अशी नोंद आणि परतफेडीचं व्हाउचर हवं. नाहीतर तिचे घरचे पैसे आणि गटाचे पैसे एकमेकांत मिसळतात, आणि दोन महिन्यांनी तीच अडचणीत येते. शक्यतो व्यापाऱ्याच्या नावाने चेक द्यावा, किंवा दोन सह्यांनी त्याच दिवशी रोख काढून उरलेली रक्कम दुसऱ्या दिवशी भरावी.

देठ खुडणी: देताना तोला, घेताना तीन ढीग तोला

पाच-पाच किलोंचे आठ वाटे करून कुणी एक, कुणी दोन घरी नेले तर काम पटापट उरकतं. पण माल घरोघर गेला की शंकाही घरोघर जाते. त्यावर एक सोपा उपाय आहे. मिरची देताना वजन लिहायचं, आणि परत घेताना खुडलेली मिरची, देठ आणि खराब मिरची असे तीनही ढीग आणायला सांगायचं. तिन्हींची बेरीज दिलेल्या वजनाच्या जवळ यायला हवी.

या गटात पाच किलोंमागे खुडलेली मिरची ४.६ किलो आली, देठ आणि खराब मिळून साडेतीनशे ग्रॅम, आणि पन्नास ग्रॅम धूळ-बियांत गेले. एवढी तूट सगळीकडे येतेच. एखाद्या वाट्याचे तिन्ही ढीग मिळून साडेचारच किलो आले, तर विचारायला हवं. पण तेही त्याच वेळी, काट्यासमोर. बहुतेक वेळा देठाची पिशवी घरी विसरलेली असते. महिनाभराने हाच प्रश्न विचारला तर तो आरोप होतो.

खुडणीची मजुरी तासावर न देता किलोवर द्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. घरी बसून, मधूनच भात उतरवत, मुलाला शाळेत सोडून येत केलेल्या कामाचे तास कुणीच नीट सांगू शकत नाही. किलो मात्र काटा सांगतो. तासाला साधारण अडीच किलो मिरची खुडून होते असं धरून या गटाने किलोला २४ रुपये ठरवले, म्हणजे तासाचे तेच ६० रुपये पडले. मजुरी दिलेल्या वजनावर धरायची. खुडून आलेल्या वजनावर धरली तर खराब मिरची बाजूला काढणारीला कमी पैसे मिळतात, आणि मग खराब मिरचीही चांगल्या ढिगात जाते.

आठ वाट्यांची मिळून ३६.८ किलो मिरची आली. गच्चीवर कडक ऊन देऊन ती ३५.५ झाली. धणे आणि खडा मसाला निवडून, पाखडून १६ चे १५.५ किलो राहिले. कांडप गिरणीत ५१ किलो नेले आणि चाळून ५० किलो मसाला घरी आला.

गिरणीत जाताना दोघींनी जावं. आधीच्या गिऱ्हाइकाचा मसाला यंत्रात उरलेला असतो, तो झाडून घ्यायला सांगावं आणि आपला माल पूर्ण निघेपर्यंत तिथेच थांबावं. आत जाताना आणि बाहेर येताना दोन्ही वजनं वहीत टिपावी. इथे एक किलो घट आली, म्हणजे साधारण दोन टक्के. पुढच्या खेपेला हीच घट तीन किलोंवर गेली तर मालात ओल होती का, चाळण बदलली का, की माल यंत्रात राहिला, हे शोधायला आधार मिळतो. आणि कांडून आलेला मसाला गरम असतो. तो परातीत पसरून पूर्ण निवल्याशिवाय पिशवीत भरू नका, नाहीतर आतल्या वाफेने गुठळ्या होतात आणि पावसाळ्यात त्यालाच जाळी धरते.

किलोची खरी किंमत

आता सहा किलोंचा हिशोब पैशात कसा येतो ते पाहा. १७,५०० रुपयांना ५६ ने भागलं तर किलोला साडेतीनशेच्या आत, ३१२ रुपये ५० पैसे येतात. पण विकायला ५६ किलो नाहीतच, ५० आहेत. ५० ने भागलं की ३५० रुपये होतात. किलोमागे साडेसदतीस रुपयांचा फरक पन्नास किलोंवर १,८७५ रुपये होतो. विक्रीभाव ठरवताना गटाने ३१२ चा आकडा धरला असता तर एवढी रक्कम कुणाच्या लक्षातही न येता गेली असती.

त्यावर कांडपाचे २,०००, पिशव्या आणि लेबलचे १,५००, भाजणीचा गॅस आणि तेल २५०, बचत निधीचं व्याज २५०. असे ४,००० रुपये मिळवले की एकूण खर्च २१,५०० रुपये, किलोला ४३०. यात मजुरी अजून आलेली नाही.

सगळ्या कामांचे मिळून १०० तास भरले. त्यातले १६ तासांचं काम खुडणीचं, म्हणजे ४० किलोंचे ९६० रुपये. राहिलेले ८४ तास खरेदी, वाळवण राखणं, निवडणं, भाजणं, गिरणी, भरणं, विक्री आणि हिशोब लिहिणं यांत गेले. त्यांचे ५,०४० रुपये. एकूण मजुरी ६,००० रुपये. हिशोब लिहिणारीचे चार तासही यात धरले आहेत. ते काम फुकटचं मानलं की वही मागे पडते.

मजुरीसह किलोची किंमत ५५० रुपये झाली. गटाने विक्रीभाव ७०० ठेवला.

कामाच्या वहीत रोज काम संपताच नोंद व्हावी: तारीख, काम, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, आणि जिचे तास लिहिले ती सोडून दुसऱ्या एका सदस्याची सही. आठवड्याने आठवून लिहिलेले तास नेहमीच वाढलेले असतात. "अगं, माझे त्या दिवशीचे दोन तास राहिले की," हे वाक्य बैठकीत आलं तर पुढच्या बैठकीपर्यंतच दुरुस्ती मान्य, त्यानंतर नाही, असा नियम ठेवावा.

विक्री आणि घरी नेलेला मसाला

पन्नासपैकी एक किलो चव दाखवण्यासाठी नमुन्यात गेला. तो विक्रीच्या वहीत शून्य रकमेने, पण वजनासह लिहिला. बाकी ४९ किलो विकून ३४,३०० रुपये व्हायला हवे होते. त्यातला चार किलो माल उधारीवर गेला, म्हणजे २,८०० रुपये यायचे राहिले. हाती आले ३१,५०० रुपये.

सदस्यांनी स्वतःच्या घरासाठी नेलेला मसाला ही सगळ्यात नाजूक जागा. पाव किलो, अर्धा किलो "आपलाच आहे" म्हणून नेला जातो आणि वहीत येत नाही. दहा घरांत अर्धा-अर्धा किलो गेला तर ३,५०० रुपयांची विक्री नाहीशी होते, आणि जिच्या घरी साठा असतो ती अडकते. सदस्याला सवलत द्यायला हरकत नाही, पण ती ठरावात हवी आणि नेलेला प्रत्येक पाव किलो तिच्या नावे विक्री म्हणून लिहिला जावा. या गटाने सदस्यांनाही तोच भाव ठेवला.

उधारीसमोर गिऱ्हाइकाच्या नावाबरोबर ती कुठल्या सदस्यामार्फत दिली तेही लिहा. वसुली तिने करायची. मात्र बुडाली तर ती रक्कम तिच्या वाट्यातून कापू नये. ती गटाच्या नफ्यातून जाईल. कापायला लागलात की कुणीही चार घरी माल न्यायला तयार होणार नाही.

वाटप

वाटपाच्या बैठकीआधी रोकड जुळवली. जमवलेल्या २१,५०० पैकी व्याज सोडून २१,२५० खर्च झाले होते, २५० शिल्लक होते. त्यात विक्रीचे ३१,५०० मिळवून ३१,७५०. ही रक्कम बँक पासबुक आणि हातातली रोख यांच्या बेरजेशी जुळली, तेव्हाच पुढे गेले. जुळत नसेल तर त्या दिवशी वाटप करू नये. पंधरा दिवस उशीर झालेला चालतो.

ठरावाच्या क्रमाने आधी बचत निधीला १२,७५० परत गेले. मग सदस्यांचं भांडवल ९,०००. उरले १०,०००. त्यातून मजुरी ६,०००. राहिलेल्या ४,००० पैकी ३० टक्के म्हणजे १,२०० व्यवसाय निधीत, आणि २,८०० दहा जणींत, प्रत्येकी २८०.

दोन सदस्यांची खाती शेजारी ठेवली की रीत नीट दिसते. पहिलीने हजार रुपये दिले होते, दहा किलो मिरची खुडली आणि आणखी दहा तास काम केलं. दुसरीने पाचशे दिले, दहा किलो खुडली, पण घरी आजारपण असल्याने बाकी कामाला येता आलं नाही.

| तपशील | पहिली सदस्य | दुसरी सदस्य |
|---|---|---|
| भांडवल परत | १,००० | ५०० |
| देठ खुडणी | २४० | २४० |
| इतर काम | ६०० | ० |
| नफ्याचा वाटा | २८० | २८० |
| आज हाती | २,१२० | १,०२० |

सदस्याच्या पुस्तिकेत या चार ओळी वेगळ्या लिहायच्या. नुसतं "मसाला वाटप २,१२०" असं लिहिलं तर तिला वाटतं, कमाई २,१२० झाली. खरी कमाई १,१२० आहे, बाकी तिचेच हजार परत आले. पुढच्या खेपेत भाग घ्यायचा की नाही, हे तिने १,१२० वर ठरवायला हवं.

नफा समान का वाटला, असा प्रश्न दोघी-तिघींनी हमखास विचारावा असाच आहे. कामाचा मोबदला मजुरीत आलाच. नफा हा जोखमीचा मोबदला, आणि जोखीम बहुतांशी गटाच्या बचतीवर होती, जी दहा जणींची आहे. नफाही तासांवर वाटला तर जिला घर सोडता येत नाही तिचं दोनदा कमी होतं. भांडवलात मात्र फरक फार मोठा असेल, म्हणजे एकीचे पाच हजार आणि दुसरीचे पाचशे, तर भांडवलावरही बचत निधीइतकंच महिना एक टक्का व्याज द्यावं. ते खर्चात धरावं, नफ्याचा वाटा बदलू नये.

मजुरीपुरतेही पैसे उरले नाहीत तर? समजा १०,००० ऐवजी ४,५०० उरले. मग ६,००० ची मजुरी पाऊण पटीवर आणायची: तासाला ६० ऐवजी ४५ आणि खुडणीला २४ ऐवजी १८. सगळ्यांची मजुरी एकाच प्रमाणात कमी होते, आणि नफ्याचा वाटा शून्य. आणि बैठकीच्या दिवशी माल शिल्लक असेल तर त्यावर नफा धरायचा नाही. आठ किलो उरले असतील तर साठा वहीत ते ४३० रुपये भावाने, ३,४४० रुपये म्हणून लिहायचे. ७०० ने लिहिले तर अजून न झालेल्या विक्रीचा नफा वाटला जाईल आणि पावसात मसाल्याला जाळी धरली तर तो परत मागावा लागेल.

उधारीचे २,८०० रुपये नंतर वसूल झाले, तेव्हा त्यांनाही तोच नियम लागला. ८४० रुपये व्यवसाय निधीत आणि प्रत्येकीला १९६. मजुरी आधीच पूर्ण दिलेली असल्याने त्यातून पुन्हा मजुरी नाही. या एका खेपेनंतर व्यवसाय निधीत २,०४० रुपये जमले. पुढच्या खेपेला बचतीतून तेवढं कर्ज कमी घ्यावं लागेल. मधल्या काळात एखादी सदस्य गट सोडून गेली तर तिचं भांडवल, राहिलेली मजुरी आणि तिच्या सहीच्या खेपेच्या उधारीतला वाटा तिला द्यायचा. व्यवसाय निधीतला दहावा हिस्सा द्यायचा की नाही, तेही याच ठरावात लिहून ठेवावं, कारण ती निघताना हा प्रश्न आला तर दहा जणींपैकी नऊ जणी एका बाजूला असतात.